एकट्याने करायचं काम हवंय, पण नोकरी कुठली शोधू?

प्रश्न: पाचेक वर्षं कस्टमर सपोर्टमध्ये आहे. दिवसभर फोन आणि चॅट. संध्याकाळी घरच्यांशीही बोलावंसं वाटत नाही. ऑनलाइन टेस्ट दिली, त्यात इंट्रोव्हर्ट आलं. एकट्याने डोकं घालून करायचं काम मला जमेल असं वाटतं, म्हणून डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स करायचा विचार आहे. माझ्यासारख्याने नेमक्या कुठल्या प्रकारच्या नोकऱ्या शोधाव्यात?

उत्तर: कोर्सची फी भरायच्या आधी दोन आठवडे थांबा. मी बरीच वर्षं भरतीच्या बाजूला होतो आणि आता नोकरी बदलणाऱ्यांना सल्ला देतो. सपोर्टमधून थेट डेटा ॲनालिस्ट व्हायला निघालेले लोक माझ्याकडे नेहमी येतात. त्यातले काही जण तिथे रमतात. काही जण मात्र वर्षभरात पुन्हा तीच तक्रार घेऊन येतात.

कारण असं की डेटा ॲनालिस्ट या एकाच पदनामाखाली दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या असतात. पहिल्या प्रकारात तुम्ही मार्केटिंग किंवा सेल्सच्या टीममध्ये बसता. सकाळी एकजण येऊन विचारतो, विक्री का घसरली. तुम्ही ते बघायला घेता तोवर दुसऱ्याचा मेसेज येतो, या रिपोर्टमधला आकडा त्या रिपोर्टशी का जुळत नाही. दुपारच्या मीटिंगसाठी तिसऱ्याला तासाभरात तक्ता हवा असतो. तिथे तुम्ही खरं तर पुन्हा सपोर्टच करत असता, फक्त ग्राहक कंपनीतलेच असतात. दुसऱ्या प्रकारात तुम्ही डेटाच्या मध्यवर्ती टीममध्ये असता. मागण्या तिकिटाच्या रूपात येतात, आठवड्यातून एकदा बसून त्यांचा क्रम ठरतो आणि मग तुम्हाला सलग काम करता येतं. दोन्ही जाहिरातींवर नाव तेच, कौशल्यांची यादीही जवळपास तीच.

म्हणून पदनामावरून शोधू नका. त्या कामात लोकांशी संबंध कोणत्या आकाराने येतो, ते आधी बघा. मी त्यासाठी तीन गोष्टी विचारतो. संवादाची सुरुवात कोण करतं, म्हणजे रांगेतला पुढचा माणूस तुम्हाला पकडतो की तुम्ही ठरवून कुणाकडे जाता? उत्तर किती वेळात द्यावं लागतं, लगेच, आज संध्याकाळपर्यंत की आठवड्याभरात? आणि समोर कोण असतं, रोज नवा अनोळखी माणूस की तेच पाच-सहा सहकारी?

यातला दुसरा मुद्दा लोक हमखास दुर्लक्षित करतात. लगेच उत्तर द्यायचं म्हणजे हातातलं काम मध्येच सोडायचं. अर्ध्या तासाची एक मीटिंग आणि पाच-पाच मिनिटांचे सहा फोन यांची बेरीज सारखीच, पण थकवा सारखा नसतो. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो आणि पुढचं काम त्या प्रमाणात खालावतं. सपोर्टमध्ये हे दिवसभर चालू असतं. तुम्ही त्याला ‘बोलून थकतो’ म्हणता, पण कदाचित बोलण्याने तुम्ही थकतच नसाल.

इंट्रोव्हर्ट आल्याचंही फार मनावर घेऊ नका. अशा टेस्ट ढोबळमानाने तुम्ही लोकांत किती मिसळता, किती पुढाकार घेता, गर्दीत किती उत्साही असता हे विचारतात. चार तास एकाच प्रश्नावर टिकून राहता येतं का, हे त्यांना कळत नाही. लोकांत मिसळायला न आवडणारा माणूस एकाग्र असतोच असं नाही. उलट भरपूर बोलके असूनही दार लावून तासन् तास काम करणारे प्रोग्रॅमर मी पाहिले आहेत.

तेव्हा पहिली पायरी टेस्टची नाही, नोंदवहीची. कामाचे दहा दिवस प्रत्येक वेगळ्या कामानंतर एक ओळ लिहा: काय केलं, सुरुवात कुणी केली, समोर कोण होतं, उत्तर किती घाईचं होतं, आणि ते संपल्यावर कसं वाटलं. शेवटच्या रकान्यात उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत आकडा टाका. नोंद त्याच वेळी करा. संध्याकाळी आठवून लिहिलंत तर दिवसातला सगळ्यात वाईट फोन बाकीच्या सगळ्यावर आपला रंग चढवतो. सगळे फोन लिहायची गरज नाही, तासाला एक नोंद झाली तरी चालेल.

एक उदाहरण सांगतो. प्रवासाच्या बुकिंगचा सपोर्ट बघणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलतो. तिचंही म्हणणं तुमच्यासारखंच, माणसं नकोत, एकटीचं काम द्या. तिच्या वहीत अनोळखी ग्राहकांच्या फोनपुढे सरळ उणे दोन, उणे एक असे आकडे होते. तेवढं अपेक्षितच होतं. पण नवीन आलेल्या दोघांना ती रोज तासभर शिकवायची, त्यापुढे अधिक एक. एका मोठ्या क्लायंटबरोबर दर गुरुवारी ठरलेला कॉल असायचा, त्याची ती आधी तयारी करायची. तो कॉल कधी कधी तापायचा, तरी आकडा शून्याच्या खाली गेला नव्हता. रिफंडच्या नियमांवर तिने सपोर्टच्या हेल्प पेजसाठी लेख लिहिला, त्यापुढे अधिक दोन. आणि एक दिवस सिस्टीम बंद असल्यामुळे तिला फक्त जुनी तिकिटं वर्गवारी करून बंद करायला बसवलं होतं. फोन नाही, चॅट नाही, कुणी त्रास द्यायला नाही. सकाळी अधिक एक, जेवणानंतर शून्य, चार वाजता उणे एक.

हा शेवटचा दिवस मला सगळ्यात बोलका वाटला. नुसता एकांत तिला पुरत नव्हता. तिला खुपत होतं ते न संपणाऱ्या रांगेतून अनोळखी माणसं अंगावर येणं आणि त्यांना तिथल्या तिथे उत्तर देणं. ओळखीच्या माणसांशी, ठरलेल्या वेळी, तयारी करून बोलणं तिला चालत होतं. शिकवणं तर आवडतच होतं. डेटा एंट्री किंवा बॅक ऑफिसची शांत नोकरी तिने घेतली असती तर काही महिन्यांतच कंटाळली असती.

तुमची वही वेगळं काही सांगेल. मात्र ती वाचताना एक तपासणी जरूर करा. त्याच दिवशी एकट्याने केलेल्या कामांपुढेही उणे आकडे असतील, तर दुखणं लोकांशी बोलण्यात नाही. ते बहुधा शिफ्टमध्ये, टार्गेटमध्ये किंवा वरच्या माणसात आहे. सारख्याच प्रकारचे फोन सकाळच्या पाळीत शून्य आणि रात्रपाळीत उणे दोन दिसत असतील तर प्रश्न झोपेचा आहे. अशा वेळी क्षेत्र बदलण्यापेक्षा तेच काम दुसऱ्या कंपनीत किंवा दुसऱ्या पाळीत करून बघणं स्वस्त पडतं.

आता शोधण्याजोग्या कामांकडे येतो. त्या मुलीच्या वहीवरून आम्ही चार दिशा काढल्या. टेक्निकल रायटिंग किंवा नॉलेज बेसचं काम: लिहिणं एकट्याने आणि माहिती काढायला इंजिनिअरांशी ठरवून बोलणं. सपोर्टमधलंच क्वालिटी रिव्ह्यू: इतरांचे कॉल ऐकून निकषांवर तपासायचे आणि आठवड्याला त्यांना अभिप्राय द्यायचा. ट्रेनिंगचं साहित्य तयार करणं. आणि सॉफ्टवेअर टेस्टिंग, कारण ग्राहक कुठे अडखळतो हे सपोर्टवाल्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. ती पहिल्या दिशेने गेली.

तुमची वही जर खरंच सांगत असेल की बोलणं कमीत कमी हवं आणि एकटेपणात आकडा चढाच राहतो, तर यादी बदलते. जुन्या, स्थिरावलेल्या उत्पादनावरचं बॅकएंड प्रोग्रॅमिंग, डेटा इंजिनिअरिंग, औषधांच्या चाचण्यांसाठीचं स्टॅटिस्टिकल प्रोग्रॅमिंग, कॅड ड्राफ्टिंग, नकाशांचं जीआयएस काम, पेटंट सर्च, भाषांतर, कॉपी एडिटिंग, मेडिकल कोडिंग. पण यातही एक फरक ध्यानात घ्या. एकट्याने करायचं काम म्हणजे आपल्या मनाने करायचं काम नव्हे. मेडिकल कोडिंगमध्ये तुमच्याशी फारसं कुणी बोलत नाही, पण तासाला किती फायली झाल्या आणि किती चुका निघाल्या याची मोजणी बऱ्याच ठिकाणी चालू असते. सपोर्टमधल्या ज्या गोष्टीला तुम्ही विटला आहात ती जर सतत मोजलं जाणं असेल, तर तिथेही तेच वाट्याला येईल.

भाषांतरासारखं काम अनेकजण फ्रीलान्स करतात. एकांत हवा म्हणून फ्रीलान्सिंगकडे वळणाऱ्यांना मी आधी विचारतो, काम कुठून आणणार? सुरुवातीच्या काळात नवे क्लायंट शोधणं, दरावरून घासाघीस आणि थकलेल्या बिलांचा पाठपुरावा यातच बराच वेळ जातो. म्हणजे अनोळखी माणसांशी बोलणं, तेही सेल्सचं. ते नको असेल तर एजन्सीमार्फत किंवा पगारावर काम शोधा, दर कमी मिळाला तरी.

उलट बाजूच्या वाचकांसाठीही थोडं सांगतो, कारण ज्यांना माणसांशिवाय करमत नाही तेही पदनामाने फसतात. रिक्रूटरचं काम माणसांचं म्हणून घेतात आणि दिवसाचा मोठा भाग रेझ्युमे चाळण्यात, ट्रॅकर भरण्यात जातो. फिरतीच्या सेल्समध्ये भेटींपेक्षा प्रवास जास्त असू शकतो. शिकवण्यात वर्गातला संवाद भरगच्च असतो, पण पेपर तपासताना तुम्ही एकटेच. सतत माणसं हवीत तर प्रोजेक्ट कोऑर्डिनेशन, इव्हेंट्स, नर्सिंग, रिसेप्शन, अकाउंट मॅनेजमेंट ही कामं बघा. शेवटच्यात तीच ती माणसं वर्षानुवर्षं, रिसेप्शनला रोज नवी. कुणाला काय रुचेल ते वहीतला ‘समोर कोण’ हा रकाना सांगतो.

कामाचा आकार ठरला की शोधताना पदनाम आणि कामाचा प्रकार दोन्ही टाका. लिंक्डइनवर मोठ्या अक्षरांतले OR, NOT आणि अवतरण चिन्हं चालतात, त्यामुळे असं लिहिता येतं:

```
("technical writer" OR "knowledge base" OR "documentation specialist") NOT "call center"
```

मग जाहिरात वाचताना जबाबदाऱ्यांची यादी वरून खाली नीट वाचा. लिहिणारा माणूस बहुतेकदा त्याच्या डोक्यात जे आधी येतं ते आधी लिहितो. पहिल्या तीन ओळींत स्टेकहोल्डर, क्रॉस-फंक्शनल, ॲड-हॉक रिपोर्ट असे शब्द असतील आणि मॉडेल किंवा कोड सहाव्या ओळीत असेल, तर ते बोलण्याचं काम आहे. ‘फास्ट-पेस्ड’ या शब्दाचा माझ्या लेखी अर्थ एवढाच, की तुमच्या दिवसाचा आराखडा दुसरं कुणीतरी मोडणार. ‘ऑन-कॉल रोटेशन’ दिसलं तर ते आठवड्यातून किती दिवस, हे विचारायला विसरू नका. आणि या पदाचा वरिष्ठ कोण आहे तेही बघा. डेटा ॲनालिस्ट जर मार्केटिंग हेडला रिपोर्ट करत असेल तर तो पहिल्या प्रकारचा, डेटा टीमच्या प्रमुखाला करत असेल तर बहुधा दुसऱ्या.

आणखी एक साधन आहे, जे फार कमी लोक वापरतात. अमेरिकेच्या कामगार खात्याचा O*NET नावाचा मोफत संग्रह onetonline.org वर आहे. त्यात कुठलाही व्यवसाय उघडून Work Context हा भाग बघा. तिथे Contact With Others, Telephone Conversations, Deal With External Customers असे मुद्दे असतात आणि त्या व्यवसायातल्या लोकांनी काय उत्तर दिलं ते दिसतं. दोन-तीन व्यवसाय शेजारी ठेवून तुलना करायला हे उत्तम. मात्र ते तिथल्या त्या अख्ख्या व्यवसायाचं चित्र आहे. तुम्हाला मिळणारी खुर्ची त्यात कुठे बसते हे मुलाखतीतच कळणार.

मुलाखतीत ‘इथे शांतपणे काम करता येतं का’ असं विचारू नका, कुणीही हो म्हणेल. घडलेल्या गोष्टीबद्दल विचारा. ‘या पदावरच्या व्यक्तीचा कालचा दिवस कसा गेला, सकाळपासून सांगाल का?’ ‘त्यांच्याकडे काम कुठून येतं आणि क्रम कोण ठरवतं?’ ‘चॅटवर प्रश्न आला तर साधारण किती वेळात उत्तर द्यायची पद्धत आहे?’ समोरचा माणूस पहिल्या प्रश्नावर अडखळला आणि ‘इथे रोज वेगळंच असतं, तीच तर मजा आहे’ म्हणाला, तर ते उत्तरच आहे. ‘आमच्याकडे फार मोकळं वातावरण, कुणीही कुणाच्या डेस्कवर जाऊन विचारतं’ हेही उत्तरच. उलट कुणी म्हणालं की मंगळवारी आणि गुरुवारी मीटिंग ठेवत नाही, मागण्या सोमवारी एकत्र बघतो, तर त्या टीमने या गोष्टीचा विचार केलेला आहे असं समजा. शक्य झालं तर त्याच टीममधल्या, तुमच्याच पातळीवरच्या माणसाशी पंधरा मिनिटं बोलायला मागा. मॅनेजरला वाटणारा दिवस आणि त्या माणसाचा खरा दिवस यांत पुष्कळ अंतर निघतं.

बढतीचा प्रश्नही तेव्हाच विचारून घ्या. एकाग्रतेची बहुतेक कामं वर गेली की बोलण्याची होतात. सीनियर ॲनालिस्ट दुसऱ्यांचं काम तपासतो, लीड दिवसभर मीटिंगमध्ये असतो. काही कंपन्यांत माणसं न सांभाळता वर जायची स्वतंत्र शिडी असते, तिला इंडिव्हिज्युअल कॉन्ट्रिब्यूटर ट्रॅक म्हणतात. ‘त्या ट्रॅकवर आत्ता सगळ्यात वरच्या पदावर कुणी आहे का?’ असं विचारा. शिडी कागदावर आहे आणि वर कुणीच नाही, असं बऱ्याचदा निघतं.

आता तुमचा कोर्स. तो घ्यायच्या आधी सलग चार संध्याकाळी, दोन-दोन तास, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून एक छोटा प्रयोग करा. कुठलाही मोफत मिळणारा अस्वच्छ डेटा उतरवून घ्या, दोन-तीन हजार ओळींचा पुरे. तो एक्सेलमध्ये साफ करा. एकच गाव चार स्पेलिंगांनी आलेलं असेल. काही तारखांत दिवस आधी, काहींत महिना. वयाच्या रकान्यात कुठे रिकामं, कुठे शून्य, आणि तुम्हाला ठरवायचं की हे शून्य म्हणजे तान्हं बाळ की माहितीच नाही. ॲनालिस्टच्या कामात आलेख काढण्यापेक्षा हे निस्तरण्यात बराच जास्त वेळ जातो, आणि कोर्समध्ये मिळणारा डेटा बहुतेक वेळा आधीच धुतलेला असतो. तिसऱ्या संध्याकाळी तुम्ही वेळ विसरून त्या शून्यांच्या मागे लागला असाल तर कोर्स जरूर करा. दर दहा मिनिटांनी उठून पाणी प्यायला जात असाल तर ते वहीत लिहा. मात्र रात्रपाळी करून आलेल्या दिवशी हा प्रयोग करू नका, निकाल खोटा येईल.

दरम्यान आहे त्याच नोकरीत एक गोष्ट करता येईल. तुमच्या मॅनेजरकडे ‘फोन नकोत’ अशी मागणी केलीत तर नाही ऐकायला मिळेल. त्याऐवजी सांगा की सगळ्यात जास्त वेळा येणाऱ्या दहा प्रश्नांवर मी हेल्प पेज लिहितो, त्यासाठी आठवड्यातून दोन वेळा सकाळचे दोन तास रांगेतून बाहेर काढा, आणि महिन्याभराने त्या प्रश्नांची तिकिटं कमी झाली का ते बघू. मॅनेजरला तिकिटं कमी झालेली हवीच असतात. तुम्हाला सलग दोन तासांत आपण कसे काम करतो ते पगार चालू असताना बघायला मिळतं. आणि ती लिहिलेली पानं व तिकिटांचा आधीचा-नंतरचा आकडा रेझ्युमेत टाकता येतो, मग पुढची नोकरी डेटाची असो, लिखाणाची असो की टेस्टिंगची.